दुःख तिचं, हिशेब आपला

दसऱ्यानंतर वाटूर फाट्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही वर्षांपूर्वी माझी चुलत वहिनीही गेली, तेव्हा तिला तिसरा महिना होता. पाचव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढताना कळ आली आणि त्या रात्री कोपीत तिचं पोट पडलं. दोन दिवस ती झोपून होती. मुकादमाने त्या दोन दिवसांचा खाडा लावला आणि तो उचलीत चढवला.

हे कळलं त्या रात्री मी संतापून लेख लिहिला. त्यात रक्त होतं, अंधार होता, तिचा टाहो होता. मी तिथे नव्हतो, तरी सगळं लिहिलं. छापण्याआधी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाऊजी, लोकायनी माझी कीव करावी म्हणून लिव्हायले का? ते माझं मला राहू द्या. खाड्याचं लिव्हा."

तेव्हा मला बाबासाहेबांचं पत्र आठवलं. जुलै 1926 मध्ये राजरत्न गेला. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलं की, आम्ही दोघं यातून सावरलेलो नाही आणि सावरू असं वाटतही नाही. तीन मुलगे आणि एक मुलगी गेल्याचं त्यांनी सांगितलं आणि पुढे लिहवत नाही म्हणून थांबले. तिथे थांबल्यामुळेच ते पत्र वाचणाऱ्याच्या मनात राहतं.

मी लेख पुन्हा लिहायला घेतला. जे मी पाहिलं नव्हतं ते काढलं. तिचं नाव काढलं, आणि ओळख पटेल असं गाव, कारखाना, सालही काढलं. महिना, मोळी, फळी, दोन दिवस आणि खाडा एवढंच ठेवलं. ज्या वाक्यावर वाचक नुसतं "अरेरे" म्हणून पुढे जाईल ते खोडलं. ज्यावर तो "असं कसं?" म्हणून विचारेल ते राखलं. परत वाचून दाखवलं तेव्हा तिने आणखी एक वाक्य काढायला लावलं. ते कोणतं, हे इथेही लिहिणार नाही.

मोकळ्या झालेल्या जागेत कायदा आला. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याचं कलम 9 सांगत होतं की गर्भपात झाल्यास, पुरावा दिल्यावर, बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळावी. पण आमच्या टोळीत बाईचं नाव स्वतंत्र लागतच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल नवऱ्याच्या नावावर. हजेरीचा कागद नाही, कोपीत डॉक्टरचा दाखला नाही. मग ती रजा मागणार कोणाकडे? सहा आठवडे सोडाच, दोन दिवसांचेही तिलाच भरावे लागले.

काही कार्यकर्ते म्हणतात, वेदना उघडी केल्याशिवाय समाज हलत नाही. मला ते पटत नाही. आपल्या बायांचं दुःख आजवर पुष्कळ पाहिलं गेलं, त्यांचा हिशेब मात्र कोणी विचारला नाही. संयम पाळायचा तो तिच्या दुःखाबाबत. मुकादमाच्या वहीबाबत संयम कशाला?

जय भीम.