मुहूर्त आपल्या गावचा

दिवाळीत वह्यांच्या पूजेचा मुहूर्त बहुतेक दुकानदार भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहतात. पण छापलेली वेळ ज्या शहराची असते, त्याच शहरात ती खरी. तिथी सगळ्या देशात एकाच क्षणी संपते, सूर्य मात्र प्रत्येक गावी वेगळ्या वेळी मावळतो आणि प्रदोषकाळ मोजायचा तो सूर्यास्तापासून. आपले साखरखेर्डा गाव मुंबईच्या पूर्वेला असल्याने इथे सूर्य साधारण पंधरा मिनिटे आधी मावळतो. २०२४ साली हा फरक चांगलाच दिसला. ३१ ऑक्टोबरला दुपारी लागलेली अमावास्या १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. लक्ष्मीपूजन कोणत्या दिवशी, यावर देशभर वाद झाला. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ तारीख दिली. दोन्ही दिवशी प्रदोषात अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा, आणि सूर्यास्तानंतर ती घटकेहून, म्हणजे चोवीस मिनिटांहून, जास्त असेल तर शंकाच नको, असे धर्मसिंधु सांगतो. त्या संध्याकाळी मुंबईत सूर्यास्तानंतर अमावास्या जेमतेम बारा मिनिटे उरली होती. साखरखेर्ड्यात सूर्य पावणेसहानंतर लगेच मावळला, म्हणून इथे ती घटकेहून थोडी जास्तच मिळाली. मुंबईत ज्यावर वाद घालता येत होता, ते इथे वादापलीकडचे होते.

नव्या दुकानाच्या उद्घाटनालाही हेच लागू पडते. शनिवारचा राहुकाल नऊ ते साडेदहा असे सगळ्यांना पाठ असते, पण ते सहाला उगवून सहाला मावळणाऱ्या दिवसाचे गणित आहे. राहुकाल म्हणजे दिनमानाचा आठवा भाग, आणि शनिवारी तो तिसरा. २ नोव्हेंबर २०२४ च्या पाडव्याला शनिवारच होता. सकाळी सहा पंचवीसच्या आसपास सूर्योदय आणि साडेअकरा तासांहून थोडे कमी दिनमान धरले, तर इथला राहुकाल सव्वानऊच्या सुमारास लागून दहा चाळीसपर्यंत चालतो. 'साडेदहा वाजून गेले' म्हणून फीत कापणारा त्यातच सापडतो. पंधरा मिनिटांनी धंद्याचे काय बिघडते, असे कुणी म्हणेल. ज्याला मुहूर्त मानायचाच नाही त्याचे काहीच बिघडत नाही. पण ज्याने पाळायचा ठरवला, त्याने दुसऱ्या शहराचा पाळण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हिशेबाचे वर्ष एप्रिलला सुरू होते, मग कार्तिकात नवी वही कशाला? पूर्वी व्यापारी आपले हिशेबी वर्ष दिवाळी ते दिवाळी धरू शकत असे; १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांना एप्रिल ते मार्च एकच वर्ष आले. म्हणून पूजेची वही आणि लिहायची वही यांची सांगड डोळसपणे घालावी. पहिल्या पानावर स्वस्तिक, श्री, शुभ-लाभ आणि चालू शक असे लिहून हळदकुंकू वाहावे आणि ते पान तसेच ठेवावे. शकुन म्हणून सव्वाशे रुपये जमेला मांडण्याची हौस टाळावी, कारण न झालेला व्यवहार रोजकीर्दीत शिरला की गल्ल्यातली रोकड आणि वहीतली शिल्लक तेवढ्याने जुळत नाही. दिवसाची पहिली खरी विक्री जुन्या चालू वहीतच, तिच्या तारखेला लिहावी. नव्या वहीत १ एप्रिलला आरंभीची शिल्लक ओढावी, ती दुसऱ्या पानावर.