सवलतीची थप्पी आणि आधाराची पोती

चिखली, मेहकर, लोणार या भागांतल्या पशुखाद्याच्या दुकानांत सरकीच्या ढेपेची छतापर्यंत गेलेली थप्पी दिसली की दोन गोष्टी एकदम साधल्या, असं मानलं जातं: जास्त पोती उचलल्याने भाव कमी लागला आणि आता माल संपायची धास्तीही मिटली. साठ्याचा हिशेब हाच माझा धंदा आहे, आणि माझं मत असं आहे की यातली पहिली गोष्ट कागदावर तपासता येते आणि पुष्कळदा अर्धीच खरी निघते. दुसरी तर जवळजवळ खोटीच असते. किती माल एका वेळी मागवायचा हा एक प्रश्न आहे आणि किती उरला असताना मागवायचा हा दुसरा. टंचाई होणार की नाही हे मुख्यतः दुसऱ्याच्या उत्तरावर ठरतं. माल उतरला त्या दिवशी गोदामात दोनशे पोती होती की आठशे, याने शेवटच्या चार दिवसांत काही फरक पडत नाही.

उदाहरणासाठी चिखलीतला एक विक्रेता धरू. तो खामगावहून ढेप आणतो. खामगाव ही कापसाची जुनी पेठ. जलंबहून तिथवर रेल्वेचा फाटा १८७० मध्ये गेला तो कापसासाठीच. कापूस आला की जिनिंग आलं, सरकी आली, तेलाच्या गिरण्या आल्या आणि मागोमाग ढेपही. या विक्रेत्याचा खप दिवसाला सरासरी १२ पोती, म्हणजे कामाच्या ३०० दिवसांत ३,६०० पोती. पोत्याचा भाव १,८०० रुपये धरू. माल मागवण्याच्या प्रत्येक खेपेला पोत्यांच्या संख्येशी संबंध नसलेला खर्च २,००० रुपये येतो. पोतं वर्षभर ठेवण्याचा खर्च, म्हणजे अडकलेल्या पैशाचं व्याज, गोदामाची जागा, ओल आणि उंदरांनी केलेली घट, हे सगळं मिळून किमतीच्या २० टक्के, म्हणजे ३६० रुपये. फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये मांडलेलं सूत्र इथे लावायचं: वर्षाचा खप गुणिले खेपेचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले ठेवण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं बरोबर २००. वर्षाला १८ खेपा, त्यांचे ३६,००० रुपये. सरासरी १०० पोती शिल्लक, त्यांचेही ३६,०००. हे दोन खर्च समान व्हावेत हेच या सूत्राचं गमक आहे. मालाच्या किमतीसकट वर्षाचा एकूण खर्च ६५,५२,००० रुपये.

आता गिरणीवाला म्हणतो, एका वेळी ४०० घेतलीत तर सगळी पोती १,७८५ ने, ८०० घेतलीत तर १,७८० ने. सूत्र नव्या भावानेही दोनशेच्याच आसपास उत्तर देतं, पण तेवढ्यावर सवलत मिळत नाही. म्हणून सवलत जिथे सुरू होते ते आकडेच तपासायचे. ४०० च्या खेपेला मालाची किंमत ५४,००० रुपयांनी उतरते, खेपा निम्म्या होऊन आणखी १८,००० वाचतात, आणि साठा दुप्पट झाल्याने ठेवण्याचा खर्च ३५,४०० ने वाढतो. निव्वळ फायदा ३६,६०० रुपये. ही सवलत घ्यावीच. ८०० वर मात्र चित्र उलटतं: एकूण खर्च ६५,५९,४०० होतो, म्हणजे कुठलीच सवलत न घेता दोनशे-दोनशे पोती आणण्यापेक्षाही ७,४०० रुपये जास्त. पावतीवर सर्वांत कमी भाव असलेला व्यवहार वर्षाच्या हिशेबात सर्वांत महाग ठरतो. शिवाय ८०० पोती संपायला ६७ दिवस लागतात, आणि आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत ढेपेला बुरशी धरण्याचा धोका या वीस टक्क्यांत पुरता मोजलेला नाही. बुरशीचं विष जनावराच्या पोटातून दुधात उतरतं, म्हणून तो धोका फक्त विक्रेत्याचा राहत नाही.

आता धास्तीचा प्रश्न. ऑर्डर दिल्यापासून माल यायला सरासरी चार दिवस लागतात, तेवढ्यात ४८ पोती खपतात. रोजच्या खपाचं प्रमाण विचलन ५ पोती असेल, तर चार दिवसांचं १० होतं, २० नव्हे. चढ आणि उतार एकमेकांना काही अंशी खातात, म्हणून ५ ला चाराने नाही तर चाराच्या वर्गमुळाने गुणायचं. शंभरातल्या पंच्याण्णव खेपांना माल पुरावा असं ठरवलं तर त्याला १.६४५ ने गुणून आधाराची सुमारे १७ पोती पुरतात. पण गाडी नेमकी चौथ्या दिवशीच येते हे कोण सांगेल? त्या दिवसांचंही विचलन दीड दिवस असेल तर दोन्ही अनिश्चिततांचे वर्ग मिळवावे लागतात: खपाचे १०० आणि गाडीचे ३२४. वर्गमूळ येतं २०.६, आणि आधारसाठा ३४ पोत्यांवर जातो. शिल्लक ८२ झाली की ऑर्डर द्यायची. गिऱ्हाइकाच्या लहरीपेक्षा गाडीच्या बेभरवशाचा वाटा तिपटीहून मोठा आहे, आणि याकडे फारच थोडे विक्रेते पाहतात. भावात पाच रुपये तोडून घेण्यासाठी जेवढी घासाघीस होते, तेवढी माल ठरल्या दिवशी पोचवण्यासाठी झाली तर आधारसाठा जवळजवळ निम्म्यावर येईल.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मोठ्या खेपा म्हणजे वर्षातून कमी वेळा तळ गाठणं. मग टंचाईची संधीच कमी होत नाही का? होते, आणि तीही मोजता येते. वर्षातून सरासरी एकदा टंचाई चालेल असं धरलं, तर १८ खेपांना ३३ पोत्यांचा आधार लागतो आणि ९ खेपांना २५ पुरतात. आठ पोत्यांचे वर्षाला जेमतेम २,९०० रुपये वाचले. ४०० वरून ८०० वर गेल्यास आणखी नऊ पोती, सुमारे ३,२०० रुपये; त्यासाठी ४४,००० रुपये जास्त मोजायचे. दुसरा आक्षेप भावाचा. कापसाच्या हंगामात सरकी भरपूर असते, पुढे ढेप चढते, मग आधीच का भरू नये? जरूर भरावी, पण तो तेजीवर लावलेला पैसा आहे. त्याचा नफा-तोटा वेगळ्या पानावर लिहावा, सवलतीच्या किंवा आधाराच्या नावावर नाही.

हा सगळा हिशेब फसतो तो नोंदींवर. विक्रीच्या वहीत विकलेली पोती दिसतात, माल नसल्याने परत गेलेलं गिऱ्हाईक दिसत नाही. टंचाईच्या दिवशी खप शून्य लिहिला जातो, सरासरी खाली येते, आणि पुढचा आधारसाठाही कमी धरला जातो. म्हणून परत गेलेल्यांची नोंद वेगळी हवी, आणि प्रत्येक ऑर्डरची तारीख व माल उतरल्याची तारीख शेजारी-शेजारी. वर्षभराच्या अशा नोंदी पाहिल्या आणि टंचाईचे दिवस सगळे उन्हाळ्यात एकवटलेले दिसले, तर तो योगायोग नसतो. हिरवा चारा संपल्यावर ढेपेचा खपच बदललेला असतो. उन्हाळ्यात रोज १६ आणि पावसाळ्यात रोज ८ पोती खपत असतील, तर त्याच पद्धतीने उन्हाळ्यात १०७ शिल्लक असताना ऑर्डर द्यावी लागते आणि पावसाळ्यात ५८ ला. वर्षभराच्या सरासरीवरून काढलेला ८२ हा आकडा उन्हाळ्यात दुकान रिकामं पाडतो, आणि नेमक्या ओलीच्या महिन्यांत चोवीस पोती विनाकारण गोदामात ठेवतो.