मोठ्या झाडाजवळ

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण आपण नेहमी शोधणाऱ्याला ऐकवतो. वस्तू जवळ असून दिसली नाही, म्हणजे दोष शोधणाऱ्याच्या नजरेचा, असा तिचा निवाडा. पण हा निवाडा टिकायचा तर एक गोष्ट गृहीत धरावी लागते. कळसा कसा असतो हे शोधणारीला पक्कं ठाऊक आहे. तिनं तो रोज घासलाय, त्याचा पोचा तिच्या हाताच्या ओळखीचा आहे. ज्यानं तो कळसा कधी पाहिलेलाच नाही आणि ज्याला फक्त ‘एक मोठं भांडं’ एवढंच सांगून गावात धाडलंय, त्याच्याबद्दल म्हण काही बोलत नाही. आणि दोन माणसं एकमेकांनाच शोधत असतील, तेव्हा तर कळसा कोण आणि वळसा कुणाचा, हेही ठरत नाही. म्हणून ही म्हण मला अलीकडे अपुरी वाटते, आणि थोडी अन्यायाचीसुद्धा.

एक गोष्ट अशी कल्पून पाहू. पुण्यातला एक जुना रस्ता, मध्ये दुभाजक, दोन्ही कडांना पर्जन्यवृक्षांची रांग. श्रावणातली संध्याकाळ, सातची वेळ, नुकतीच सर येऊन गेलेली. एका बाईंनी टॅक्सी बोलावली आहे. चालक लातूरकडचा, शहरात येऊन काही महिने झालेले. तो फोन करतो. “मॅडम, कुठं उभ्या आहात?” “दादा, ते मोठं झाड आहे ना, त्याच्याजवळ.” “मी बी मोठ्या झाडाजवळच हाय मॅडम. तुम्ही दिसत नाही.” “शेजारी टपरी आहे बघा.” “हितंबी टपरी हाय.” फोनच्या नकाशावर दोघांचे ठिपके जवळजवळ एकावर एक आलेले. दोघंही खरं बोलताहेत, दोघंही थांबलेले आहेत, आणि भेट होत नाही.

आता बाईंच्या जागी उभं राहून पाहू. त्या झाडाच्या अगदी खाली आहेत. मुळांनी पदपथावरचे ब्लॉक उचकटलेत, खोडावर गेरू आणि चुन्याचे पट्टे आहेत, वरचा पसारा दुभाजक ओलांडून पलीकडे गेलाय. संध्याकाळी पर्जन्यवृक्षाची पानं मिटतात, तशी याचीही मिटली आहेत. रांगेतली बाकीची झाडं फार लहान आहेत असं नाही. पण त्यांच्याखाली या कधी थांबलेल्या नाहीत, म्हणून ती त्यांच्या मोजणीतच नाहीत. चालकाला यातलं काहीच दिसत नाही. गाडीच्या टपामुळे झाडांचे शेंडे कापले गेलेत. दिव्यांच्या झोतात एकामागून एक खोडं येतात, सगळी सारख्याच पट्ट्यांची. मग एक वेगळं झाड येतं. पिंपळ, भोवती बांधलेला पार, त्यावर शेंदूर फासलेला दगड आणि वर जळणारी ट्यूब. तो तिथं थांबतो. विस्तारानं हा पिंपळ पर्जन्यवृक्षाच्या निम्मा असेल, पण अनोळखी माणसाला ‘ते झाड’ म्हणून उचलता येईल असं रांगेत हे एकच आहे.

केविन लिंच या अमेरिकी नगररचनाकारानं १९६० साली शहरं माणसाच्या मनात कशी साठतात यावर पुस्तक लिहिलं. खुणेची जागा कशामुळे होते याचा विचार करताना त्यानं आकारापेक्षा वेगळेपणावर भर दिला: भोवतालातून उठून दिसतं, ते लक्षात राहतं. या कसोटीवर चालक बरोबर ठरतो. पण त्याच पुस्तकात तो असंही दाखवतो की, एखाद्या ठिकाणाची ओळख जुनी होत जाते तशी माणसं बारीकसारीक, परक्याला न दिसणाऱ्या खुणांवर चालू लागतात. या कसोटीवर बाई बरोबर ठरतात. म्हणजे इथं चूक माहिती आणि बरोबर माहिती यांचा झगडा नाही. एका रस्त्याच्या दोन वयांची माहिती समोरासमोर आली आहे.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. फोनमध्ये जागा दिसत असताना झाडाचं नाव काढायचंच कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण हे तंत्र जितकं नेमकं वाटतं तितकं त्या रस्त्यावर नसतं. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनला आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत कळते. इमारतींवरून संकेत परावर्तित होऊन आले की चूक वाढते, आणि ओल्या, दाट पानांमधून येताना ते क्षीणही होतात. म्हणजे मोठ्या झाडाखाली उभं राहणं ही त्या दृष्टीनं वाईटच जागा. शिवाय ठिपका बऱ्याचदा जवळच्या रस्त्यावर ओढून बसवला जातो. दुभाजकाच्या अलीकडची कड की पलीकडची, हे तिथं सुटतं. नकाशावर दहा मीटरची चूक रस्त्यावर अर्ध्या किलोमीटरचा फेरा होऊ शकते, कारण गाडीला दुभाजकावरून उडी मारता येत नाही, पुढच्या फटीपर्यंत जाऊन वळावं लागतं. ही चूक ओळखायची खूणही आहे: ठिपके जुळलेले, गाडी थांबलेली, आणि एकाच्या कडेची वाहनं ज्या दिशेनं चालली आहेत, दुसऱ्याच्या कडेची त्याच्या उलट दिशेनं. तेव्हा दोघं फोन कानाला लावतात आणि पुन्हा शब्दांवर येतात. ठिपका माणसांना शब्दांच्या तोंडाशी आणून सोडतो, तिथून पुढचं काम शब्दांचंच.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे: मग शब्द तरी नीट वापरावेत. ‘मोठं झाड’ हा काय पत्ता झाला? इथं मला मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाची आठवण होते, आणि ती आली की मी तिच्यामागे दूरवर जातो. सान होसे या राजधानीत आणि तिच्या आसपास पत्ता सांगायची रूढ रीत अशी: एक ओळखीची खूण घ्यायची आणि तिथून दोनशे मीटर दक्षिणेला, पन्नास पूर्वेला, असं मोजत जायचं. शंभर मीटर म्हणजे प्रत्यक्ष शंभर मीटर नव्हेत. एक चौक ते पुढचा चौक, मग अंतर कितीही असो. राजधानीला लागून सान पेद्रो नावाची वस्ती आहे. तिथली एक प्रसिद्ध खूण म्हणजे इगेरोन, आपल्या वड-उंबराच्याच कुळातलं एक मोठं झाड. ते झाड फार पूर्वी गेलं. तरी लोक पत्ता सांगत राहिले: ‘जुन्या इगेरोनपासून तीनशे मीटर’. ज्यांनी ते झाड कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, ती माणसंही त्याच्यापासून मोजू लागली. सान होसेतच शीतपेयाच्या जुन्या कारखान्याच्या जागी बसस्थानक आलं, पण त्या भागाचं नाव कारखान्याचंच राहिलं.

म्हणजे पत्त्याला झाड लागतच नाही! लागतं ते झाडाबद्दलचं एकमत. सान पेद्रोतल्या माणसाला नसलेलं झाड सापडतं आणि पुण्यातल्या त्या चालकाला समोर असलेलं सापडत नाही. बाईंनी शेजारणीला ‘मोठ्या झाडाजवळ ये’ म्हटलं असतं, तर ती पाच मिनिटांत हजर झाली असती, आणि वाक्य मोघम आहे असं कुणाच्या मनातही आलं नसतं. मुंबईत १८५० च्या दशकात शेअर दलाल टाऊन हॉलसमोर वडाखाली जमत. कुठला वड, हे त्या धंद्यातल्या माणसाला विचारावं लागत नसणार. तेव्हा ‘मोठं झाड’ हा पत्ता अपुरा आहे असं म्हणण्यापेक्षा, तो ठरावीक माणसांपुरता पुरा आहे, असं मी म्हणेन. बाई परक्याशी शेजारणीच्या भाषेत बोलल्या. माणूस आपल्याला ठाऊक असलेलं सगळ्यांनाच ठाऊक आहे असं धरून चालतो, आणि रोजच्या जागेबद्दल तर फारच सहज.

हे एकमत तयार तरी कसं होतं? हर्बर्ट क्लार्क आणि डिआना विल्क्स-गिब्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्याआड बसलेल्या दोन माणसांपुढे बारा विचित्र आकृत्या. एकानं वर्णन करायचं, दुसऱ्यानं त्याच क्रमानं लावायच्या. पहिल्या फेरीत एकेका आकृतीला सरासरी एकेचाळीस शब्द लागले, सहाव्या फेरीत आठ. सुरुवातीला दोघं चाचपडतात, सुचवतात, दुरुस्त करतात, आणि मग एक छोटं नाव दोघांच्या मालकीचं होतं. ‘मोठं झाड’ हे असंच सहाव्या फेरीतलं नाव आहे. चालकाला ते पहिल्याच फेरीत ऐकवलं गेलं. आणि त्याच्या नशिबी दुसरी फेरी नाहीच; ही सवारी उतरली की बहुधा या बाई त्याला पुन्हा भेटणार नाहीत. त्याच्या धंद्याचा हा भाग मला सर्वांत कठीण वाटतो. दिवसभर पहिल्याच फेऱ्या.

गोष्टीतली भेट अखेर होते ती चालकाच्या युक्तीनं. “मॅडम, मी चारी इंडिकेटर लावतो. लुकलुकताना दिसतंय का कुठं?” दुभाजकाच्या पलीकडे, थोडं पुढे, पिवळा उजेड उघडमीट करतो आणि बाई हात वर करतात. त्यानं झाडाचा वाद मिटवला नाही, तो बाजूला ठेवला. दोघांना आधीपासून ठाऊक असलेलं काही नव्हतं, तेव्हा दोघांना या क्षणी दिसेल असं काही त्यानं तयार केलं. याला आठवण लागत नाही, वस्तीत वय घालवावं लागत नाही. परगावच्या माणसाला हे न्यायाचं आहे, कारण जुन्या खुणांचं शहर जुन्या माणसांच्याच बाजूनं असतं. लातूरहून आलेल्यानं दर सवारीला दुसऱ्यांच्या आठवणींची परीक्षा का द्यावी?

इथवर येऊन माझं मत चालकाच्या पारड्यात पडलं होतं, पण इगेरोन मध्ये येतो. लुकलुकणारा दिवा भेट झाली की विझतो आणि मागे काही ठेवत नाही. उद्या दुसरा चालक, पुन्हा तीच शोधाशोध. सगळ्या भेटी अशाच होऊ लागल्या, तर परक्याला कधी काही विचारावं लागणार नाही, आणि कुणी त्याला ‘ते झाड म्हणजे कुठलं’ हे सांगणारही नाही. तो वीस वर्षं त्या रस्त्यावरून गाडी हाकेल आणि तरी सहाव्या फेरीपर्यंत पोचणार नाही. यावर कुणी म्हणेल की त्याला पोचायचंच नाही, त्याला सवारी हवी आहे, आणि ते खरं असेल. तरीही ‘मी बी मोठ्या झाडाजवळच हाय’ म्हणताना त्यानं स्वतः एक झाड निवडलं होतं, पार असलेलं, गावाकडच्या नजरेनं बरोबर निवडलेलं. बाईंनी त्या पिंपळाबद्दल एक प्रश्न विचारला असता, तर रस्त्याला दोघांमिळून एक नाव पडलं असतं का, की नुसता आणखी उशीर झाला असता, हे मला ठरवता येत नाही.