शनिवारची साडेपाचची गाडी

मी मूळचा नांदेडचा. बी. एस्सी. केमिस्ट्री झालो आणि लातूरच्या एमआयडीसीतल्या एका सोयाबीन कारखान्यात गेटवर क्वालिटी बघायला लागलो. काम सांगायला सोपं आहे. ट्रक आला की पोत्यांत टोकदार नळी खुपसून दाणे काढायचे, एकत्र कालवायचे, मॉइश्चर मीटरमध्ये टाकायचे. मग माती-काडी आणि डागी दाणे वेगळे काढून टक्केवारी लिहायची. ओलावा ठरल्यापेक्षा जास्त निघाला की कडता लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. त्यामुळे तिथं आपल्यावर कुणीच खूश नसतं. आडत्या नाही, शेतकरी नाही, ड्रायव्हर तर नाहीच.

महिना झाला तरी आपलं बरं चाललंय की वाईट, हेच मला कळत नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकदा धीर करून मॅनेजर सरांच्या केबिनमध्ये डोकावलो आणि म्हणालो, "सर, माझं काम कसं चाललंय?" ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "बेस चाललंय. जा, ट्रक थांबलेत." आठ दिवसांनी परत तोच प्रश्न विचारला. या वेळी त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "पगाराचं मार्चमध्ये बघू. आणि परवा त्या ड्रायव्हरशी कामून भांडलास?" महिनाभराच्या कामातून त्यांना परवाचं भांडणच आठवलं. पगाराचा विषय तर माझ्या डोक्यातही नव्हता.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "साहेबाकडं जाऊन आपलंच पोस्टमार्टम करा म्हणतोस? येडा का खुळा!"

लॅबमध्ये एक ताई आहेत. ट्रक खाली झाल्यावर ढिगातला नमुना त्या परत तपासतात. त्यांना सगळं सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, "तू डॉक्टरकडं जाऊन 'माझं शरीर कसं आहे' विचारतोस होय रे? कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय ते सांग, मग तो हात लावील." सरांच्या टेबलावर दिवसाला चाळीस भानगडी असतात. 'कसं चाललंय' म्हटलं की त्यांच्यासमोर एक तर परवाचा दिवस येतो, नाही तर काहीच येत नाही. तारखा दिल्या की ते रजिस्टर उघडतील, असं ताईंचं म्हणणं. आणि सुचलेलं सगळं विचारायचं नाही. सरांना जे दिसू शकतं तेवढंच विचारायचं.

मग बसून मेसेज लिहिला. पहिल्या खेपेला सात मुद्दे झाले. त्यात 'वक्तशीरपणा' आणि 'टीमवर्क'सुद्धा होतं. कुठल्याशा इंटरव्ह्यूच्या पुस्तकातून डोक्यात बसलेलं. ताईंनी चार खोडले. २ डिसेंबरला, सोमवारी, पाठवला तो असा होता: "सर, १५ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या काळातल्या माझ्या गेटवरच्या कामाबद्दल तुमचं मत हवं आहे. नमुना घेण्याची माझी पद्धत, माझं आणि लॅबचं रीडिंग जुळतं का, आणि कडता लागल्यावर शेतकऱ्यांशी मी कसं बोलतो, या तीनच गोष्टी. पगाराचा विषय नाही. गुरुवारी संध्याकाळी गाड्या कमी झाल्यावर वीस मिनिटं मिळतील का? माझं रजिस्टर घेऊन येतो."

'पगाराचा विषय नाही' हे वाक्य घालावं की नाही यावर मी अर्धा तास घालवला. घातलं ते बरं झालं. उत्तर आलं: "ये. लॅबचं रजिस्टर पण आण."

गुरुवारी सरांनी दोन्ही रजिस्टरं शेजारी-शेजारी ठेवली. माझ्या आणि लॅबच्या आकड्यात अर्ध्या टक्क्याचा फरक ते धरत नाहीत. मीटर, दाणा, हवा, सगळ्यानं तेवढं हलतं. पण लॅबचा ओलावा माझ्यापेक्षा एक टक्क्याहून जास्त आहे असे ट्रक त्यांनी पेन्सिलीनं खुणावले. सहा-सात आठवड्यांत असे अकरा निघाले. एका ट्रकला मी ११.२ लिहिलं होतं, लॅबमध्ये १३.४ आलं. सर म्हणाले, "दहा टनांच्या गाडीत दोन टक्के म्हणजे दोनशे किलोच्या वर पाणी. क्विंटलला चार हजार दोनशे धर. साडेआठ हजारांचं पाणी घेतलं आपण." माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला वाटत होतं, मीटर खराब असणार.

"मीटर नाही," ते म्हणाले. "नमुना कुठून घेतोस?" मी सांगितलं: फाळका उघडला की मागच्या आणि वरच्या पोत्यांतून. "आणि मधल्या थरातून?" मी गप्प. वर चढून दोन-चार पोती बाजूला सारायला हमाल लागतो, वेळ जातो. भरणाऱ्याला हे माहीत असतं. वाळलेला माल मागं, ओला पोटात.

इथपर्यंत माझी चूक मला कळली होती. पण पुढं सरांनी खुणावलेल्या तारखांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "हे वार बघ." अकरापैकी सात शनिवार होते, आणि सातही ट्रक चारनंतरचे. शनिवारी मला साडेपाचची नांदेडची एसटी धरायची असते. चाकूर, अहमदपूर, लोहा करत घरी जेवायला पोचायचं असतं. मी घाई करतो हे मला खरंच माहीत नव्हतं. इतर दिवशी मधला थर निदान कधीमधी तरी बघायचो. शनिवारी एकदाही नाही. तारखांची चौकट नसती तर हे ना त्यांना दिसलं असतं ना मला.

तिसऱ्या मुद्द्यावर सर सरळ म्हणाले, "ते मला माहीत नाही. मी केबिनमध्ये असतो, तू गेटवर. काट्यावरच्या मामांना विचार." मला आधी ही टाळाटाळ वाटली. नंतर पटलं, ऐकीव गोष्टीवर त्यांनी मत दिलं असतं तर ते मी आयुष्यभर धरून बसलो असतो.

वजनकाट्यावरचे मामा वीस वर्षं तिथं आहेत. त्यांनाही तसंच विचारलं: नोव्हेंबरातलं, शेतकऱ्यांशी बोलण्यातलं. नोव्हेंबर कामून, तर त्या महिन्यात केंद्रानं हमीभावाच्या खरेदीसाठी सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली होती, आणि गेटवर रोज कुणी ना कुणी म्हणायचं, "सरकार पंधरा घेतं, तुम्हीच कापता!" ती सवलत सरकारी खरेदी केंद्राची आहे, खासगी कारखान्याची नाही, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो. मामा म्हणाले, "सांगतोस बरोबर. पण मीटर आपल्याकडं वळवून धरतोस. त्याच्याकडं वळव. आकडा त्याला बघू दे, मग बोल."

एवढी साधी गोष्ट. मीटरची पाटी माझ्याकडं असायची आणि मी निकाल वाचून दाखवायचो.

सरांना मी परत मेसेज केला. काय ऐकलं ते दोन ओळींत, आणि पुढची मागणी एवढीच: ७ ते ३१ डिसेंबर, फक्त मधल्या थराचा नमुना, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं.

७ तारखेलाच शनिवार होता. सव्वाचारला एक ट्रक आला. हमालाला घेऊन वर चढलो, पोती सारली, मधून दाणे काढले. मागच्या पोत्यांत ११.४ होतं, मधल्यांत १३.१. सगळं कालवून परत मोजलं, मीटर आडत्याच्या माणसाकडं वळवला. तो आकड्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "लिहा." खाली उतरलो तेव्हा सहा वाजायला आले होते. आईला फोन केला, जेवायला थांबू नको म्हणून.