लेबलावरचा ‘हेक्टर’ मी खाल्ला, आणि आबांचे पाच तोडे गेले



आजची नोंद माझ्याच चुकीची आहे. औषधाचं लेबल दुसऱ्याला मराठीत सांगताना काय सुटतं आणि ते किती महागात पडतं, ते लिहून ठेवतोय.

शेजारच्या आबांची 20 गुंठे भेंडी आहे. दिवसाआड तोडा चालू होता आणि फळात अळी दिसायला लागली. आबांनी दुकानातून इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्के एसजीची 100 ग्रॅमची पुडी आणली. आतलं माहितीपत्रक ओलं होऊन मराठी बाजू चिकटली होती, फक्त इंग्रजी तक्ता वाचता येत होता. आबांनी फोटो पाठवला आणि फोन केला, "लेका, एवढं मराठीत लिहून दे."

मी घाईत होतो. तक्त्यात भेंडीची ओळ शोधली आणि लिहून पाठवलं: ‘भेंडी, शेंडे व फळे पोखरणारी अळी. 135 ते 170 ग्रॅम. पाणी 500 लिटर. 5 दिवस.’

यातला एकही आकडा चूक नव्हता. चूक होती ती न लिहिलेल्या शब्दांत. तक्त्याच्या डोक्यावर ‘प्रति हेक्टर’ असं एकदाच छापलेलं असतं. मी खालची ओळ उचलली आणि डोकं तिथंच ठेवलं.

आपल्याकडं हिशोब एकरात चालतो. आबांनी मात्रा एकराची धरली, अर्ध्या एकराला म्हणून 80 ग्रॅम घेतलं. पाणी मात्र नेहमीच्या सवयीनं 15 लिटरचे सात पंप, म्हणजे साधारण 100 लिटर. मंगळवारी सकाळचा तोडा झाल्यावर संध्याकाळी फवारणी उरकली.

बुधवारी रात्री सहज फोन आला. "औषध लई लागतंय रं. वीस गुंठ्यातच पुडी संपत आली. अन् पाच दिवसांनी परत मारायचं म्हणतोस, तर दुसरी आणावी लागंल."

मी उठून बसलो. दोन्ही गोष्टी चुकल्या होत्या.

आधी मात्रा. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणजे ढोबळ 100 गुंठे. आबांचे 20 गुंठे हा हेक्टरचा पाचवा भाग. तेव्हा 135 ते 170 चा पाचवा भाग 27 ते 34 ग्रॅम, आणि 500 लिटरचा पाचवा भाग 100 लिटर पाणी. पंपाला 4 ते 5 ग्रॅम बसतं. आबांच्या पंपात जवळजवळ 12 ग्रॅम गेलं, म्हणजे अडीच पट.

आता ते ‘5 दिवस’. तक्त्यातला तो रकाना शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं, याचा आहे. पुढची फवारणी कधी घ्यायची याचा नाही. मी नुसतं ‘5 दिवस’ लिहिल्यावर आबांनी ते दोन फवारण्यांतलं अंतर समजलं. त्यांचं काय चुकलं? आणि गुरुवारी पहाटे तोडा होता, माल बाजारात जाणार होता.

मी सांगितलं, "आबा, उद्याचा माल पाठवू नका." फोनवर बराच वेळ शांतता. मग एकच वाक्य, "मग लिहिलं का नाहीस?"

सकाळी कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांना विचारलं, किती दिवस थांबायचं? त्यांचं उत्तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. "पाच दिवस हे लेबलावरच्या मात्रेसाठी ठरवलेत. अडीच पट मात्रेला लेबलावर दिवसच नाहीत, त्यामुळं मी आकडा सांगणार नाही." म्हणजे मात्रा चुकली की थांबायचे दिवसही आपोआप खोटे पडतात. आम्ही दुप्पट, म्हणजे दहा दिवस धरले. तो आमचा अंदाज होता, कुणी त्याला नियम समजू नये. भेंडी झाडावर ठेवली तर जून होते आणि पुढचा बहर थांबतो, म्हणून तोडत राहिलो आणि पाचही तोडे खड्ड्यात पुरले. जनावरांना घातले नाहीत.

मात्रा बरोबर असती तरी दोन तोडे सोडावेच लागले असते. दिवसाआड तोडल्या जाणाऱ्या पिकात हे फवारणीआधीच सांगायला हवं, म्हणजे माणूस ठरवू शकतो की हेच औषध घ्यायचं का. आणि दिवस पिकाप्रमाणं बदलतात. याच औषधाला मिरचीत 3 दिवस, भेंडीत 5, तुरीत 14. मिरचीवाल्याला दिलेली चिठ्ठी भेंडीवाल्याला पुढं पाठवून चालत नाही.

आता मी रकाने कसे तपासतो ते सांगतो. तक्त्यात ग्रॅमचे दोन रकाने शेजारी असतात, एक निव्वळ सक्रिय घटकाचा आणि एक पुडीतल्या औषधाचा. भेंडीसाठी पहिल्यात 6.75 ते 8.5 आहे आणि दुसऱ्यात 135 ते 170. मोजायचं ते दुसऱ्या रकान्यातलं. खात्री करायची तर पुडीवरची टक्केवारी लावून बघा: 170 चे 5 टक्के बरोबर 8.5. हिशोब जुळला की रकाना बरोबर. पहिला रकाना चुकून सांगितला तर औषध विसाव्या भागाइतकं पडेल आणि माणूस म्हणेल औषध नकली.

सूचनांचं भाषांतर करताना माझा एकच नियम आहे: ‘नका’ला ‘नका’च लिहायचं. ‘शक्यतो टाळावे’ असं गोड केलं की ऐकणारा ते सल्ला समजतो. ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका’ हे वाक्य जसंच्या तसं ठेवायचं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. आणि विषबाधेवरच्या उताऱ्याची ओळ मी मराठीत करत नाही. ती डॉक्टरांसाठी आहे. पुडी आणि पत्रक जसंच्या तसं दवाखान्यात न्यायचं, एवढंच लिहितो. उलटी करवायची की नाही हेही औषधागणिक वेगळं असतं, तिथं लेबल सांगेल तेच.

आबांना नंतर दिलेली चिठ्ठी अशी होती:

‘भेंडी, 20 गुंठे. इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्के एसजी. एकूण औषध 27 ते 34 ग्रॅम, एकूण पाणी 100 लिटर. 15 लिटरच्या पंपाला 4 ते 5 ग्रॅम, काट्यावर मोजून. टोपणानं मोजू नका. फवारल्यावर 5 दिवस भेंडी विकू नका, खाऊ नका. मंगळवारी फवारलं तर रविवारच्या आत तोडलेला माल बाजारात नाही. हे 5 दिवस पुढच्या फवारणीचे नाहीत.’

ती पाठवून मी फोन केला आणि म्हटलं, "आबा, काय समजलं ते आता तुम्ही मला सांगा." त्यांनी पंपाचे ग्रॅम सांगितले, वार सांगितला. मग म्हणाले, "हे आधी विचारलं असतंस तर पाच तोडे वाचले असते."

खरंय. पहिल्या चिठ्ठीनंतर मी फक्त ‘मिळालं का?’ एवढंच विचारलं होतं.