गोठ का वाजत नाहीत?

पुणे

चि. मैत्रेयीस,


आजीचे गोठ सुखरूप पोचले हे वाचून जीव भांड्यात पडला. हिरव्या बांगड्या किणकिणतात आणि गोठ मात्र बद्द वाजतात, सोनं खोटं तर नाही ना, असं तू विचारलंस. सोनं खरंच आहे. गोठांच्या आत लाख आहे.

जुने सोनार पातळ पत्र्याची नळी वळवून असे जाड, गोल गोठ करत. नळी पोकळ ठेवली तर जरा आपटली तरी पोचा पडतो, म्हणून आत लाख भरत. पत्र्याला आधार मिळे आणि बेताच्या सोन्यात हात भरल्यासारखा दिसे. काच किंवा भरीव धातू ठोकर लागल्यावर थरथरत राहतात, म्हणून वाजतात. लाख ती थरथर जिरवते. तुझ्याकडची जयपूरची आरसे लावलेली रुंद लाखेची बांगडी टेबलावर टेकवून बघ, तीही नुसती 'टक्' करेल.

लाखेला उष्णता सोसत नाही. गोठ हीटरवर किंवा उकळत्या पाण्यात ठेवलेस तर ती मऊ होऊन सांध्यातून बाहेर येईल. आणि कधी वजन करायची वेळ आली, तर लाखेचं वजन वजा करायला सांग.

काचेचा आवाज लाखेच्या उलट. बारीक, गुळगुळीत बांगड्या नाजूक किणकिणतात, रुंद बांगडीचा आवाज जरा जड येतो. फिरोजाबादला तापलेली काच फिरत्या दांड्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळतात, मग एकेक वेढा कापून टोकं आचेवर जोडतात. त्या जोडावरून नख फिरव. अडकलं तर ती बांगडी बाजूला काढ. मग एकेक बांगडी बोटावर अडकवून दुसरीने हलकेच वाजव. तडा असेल तर मडक्यासारखा बद्द आवाज येतो.

हातात भरताना आपल्याकडे आधी हिरव्या, मध्ये पाटली, पुन्हा हिरव्या आणि कडेला गोठ असं घालतात. सगळ्यांचं माप सारखं हवं. मधली पाटली सैल असेल तर हात हलला की तीच जास्त सरकते आणि काचेवर आदळते. बांगड्या फुटतात त्या बहुतेक अशाच.

तुला आणखी एक डझन पाठवायच्या आहेत. अंगठा तळव्यात दुमड आणि हाताच्या सगळ्यात रुंद भागाचा घेर टेपने मोज. साडेसात इंचांच्या आसपास भरला तर तुझं माप २.६, म्हणजे आतला व्यास २ इंच आणि वर ६ सोळांश. पावणेआठ इंचांच्या पुढे गेला तर २.८ लागेल. आकडा कळव, म्हणजे कासाराकडे जाऊन आणते, आणि एकेक वाजवूनच घेते.

तुझी,
आत्या