दहा आठवडे आणि एक वही

माझा धाकटा भाऊ सरकारी कार्यालयात लिपिक आहे. गेल्या वर्षी खात्याच्या परीक्षेत प्रशासकीय कायद्याच्या पेपरात तो पाच गुणांनी राहिला. अशा परीक्षेला संधी मोजक्या असतात. ठरलेल्या मुदतीत पास झाले नाही, तर ज्येष्ठता जाते आणि मागून आलेले पुढे निघून जातात. घरात अम्मी काही बोलत नव्हत्या, पण भाभींचा चेहरा सगळे सांगत होता.

"आपा, अख्खं पुस्तक दोनदा वाचलं होतं. अजून काय करायचं?" असे तो म्हणाला.

मी वकील नाही. वीस वर्षे उर्दू आणि मराठी शिकवते आहे, एवढेच. पण उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेले आहे, म्हणून मी त्याला विचारले, "पेपरात काय विचारलं होतं आणि तू काय लिहिलंस, ते आठवून सांग."

माहिती अधिकारावर प्रश्न होता. अर्जातली माहिती दुसऱ्याच कार्यालयाकडे आहे, तर जन माहिती अधिकाऱ्याने काय करावे? याने लिहिले, माहिती तीस दिवसांत द्यावी. तीस दिवस बरोबर, पण ते या प्रश्नाचे उत्तर नव्हते. कलम ६(३) सांगते की असा अर्ज लवकरात लवकर, जास्तीत जास्त पाच दिवसांत, संबंधित कार्यालयाकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसे कळवायचे. याने कायदा वाचला होता, पण एखादे प्रकरण समोर आले की कोणते कलम उघडायचे, याचा सराव नव्हता. दुसरा पेपर पुस्तकासह होता. तिथे पुस्तक हातात असूनही एक नियम शोधण्यात त्याचा अर्धा तास गेला.

पुढच्या परीक्षेला दहा आठवडे होते. आम्ही दोघांनी बसून आखणी केली, ती इथे सांगते. आपल्या घरांतून लिपिक, तलाठी, ग्रामसेवक झालेली कितीतरी मुले आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी वेळेचा हिशेब मांडला. कार्यालयातून तो साडेसहाला घरी येतो आणि रात्री त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. म्हणून फजरनंतरचा सव्वा तास, आठवड्यातले पाच दिवस, आणि रविवारी सकाळी तीन तास. आठवड्याचे नऊ-सव्वानऊ तास झाले. कागदावर दहा आठवड्यांचे नव्वद तास होतात, पण मी सत्तरच धरले. पाहुणे, आजारपण, साहेबांची तातडीची फाइल, हे सगळे त्या वीस तासांत जाणार होते.

पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडायचे नाही, असा मी नियम केला. फक्त मागच्या पाच-सहा प्रश्नपत्रिका घ्यायच्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे तो कशावर आहे ते लिहायचे. चौथ्या दिवशी त्याच्याच लक्षात आले की बहुतेक गुण चार ठिकाणी आहेत : नैसर्गिक न्याय आणि संविधानाचे अनुच्छेद ३११, शिस्त व अपील नियम, माहितीचा अधिकार, आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा. पुस्तकाची पहिली दीडशे पाने, जी त्याने सर्वांत मन लावून वाचली होती, तिथून जेमतेम एखादा प्रश्न येत होता.

दुसरा आणि तिसरा आठवडा पायाला दिला. इथे दोनच गोष्टी पक्क्या करायच्या होत्या. पहिली म्हणजे उतरंड : संविधान, मग अधिनियम, त्याखाली नियम आणि शेवटी शासन निर्णय. लिपिकाचा दिवस शासन निर्णयांतच जातो, म्हणून त्याला वाटते की ताजा शासन निर्णय आला की जुना नियम संपला. तसे नाही. नियम जिथे गप्प आहेत तिथे शासन निर्णय जागा भरू शकतो, पण वैधानिक नियमाच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नैसर्गिक न्याय : दुसऱ्याची बाजू ऐका, आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नका. यासाठी मी त्याला १९६९ चा क्राइपाक खटला गोष्टीसारखा सांगायला लावला. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेची निवड होती. एक अधिकारी स्वतः उमेदवार होता आणि निवड मंडळावरही होता. स्वतःच्या नावाच्या वेळी तो उठून गेला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा झाली तेव्हा बसून राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. गोष्ट एकदा सांगता आली की तत्त्व विसरत नाही.

चौथा आणि पाचवा आठवडा महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ साठी होता. हे नियम त्याने क्रमाने पाठ केले होते, तरी ते मनात बसले नव्हते. आम्ही एका मोठ्या कागदावर कर्मचाऱ्याच्या प्रकरणाचा प्रवास काढला. नियम ४ म्हणजे निलंबन, ५ म्हणजे शिक्षांची यादी, ८ म्हणजे मोठ्या शिक्षेची पूर्ण चौकशी, ९ म्हणजे चौकशी अहवालावरची कार्यवाही आणि १० म्हणजे किरकोळ शिक्षेची छोटी पद्धत. परीक्षेतला निम्मा गोंधळ ८ आणि १० मधला असतो. ठपका ठेवायचा असेल तर नियम १० पुरतो. नोकरीच घ्यायची असेल तर नियम ८ ची चौकशी लागते.

इथेच आमची वही कामाला आली. भाऊ उर्दू माध्यमात शिकलेला, त्यामुळे 'दोषारोप', 'अर्धन्यायिक', 'प्रत्यायोजन' असे शब्द आले की तो अडखळायचा. मी वहीत दोन रकाने केले : एकीकडे मराठी शब्द, दुसरीकडे त्याच्या भाषेत एका ओळीचा अर्थ. 'बडतर्फ' लिहिताना तो हसला, कारण हा तर आपला 'बरतरफ'! पण मी त्याला थांबवले. कायद्यात बडतर्फ करणे आणि सेवेतून काढून टाकणे या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. काढून टाकलेल्याला पुढे सरकारी नोकरीचा रस्ता बंद होत नाही, बडतर्फ झालेल्याला तो साधारणपणे बंद होतो. ओळखीचा शब्द कधीकधी अनोळखी शब्दापेक्षा जास्त फसवतो.

सहावा आठवडा मी मुद्दाम रिकामा ठेवला होता. भावाला ते पटले नव्हते. पण पाचव्या आठवड्यात लेखापरीक्षणाचे पथक आले आणि त्याचे सहा दिवस गेले. रिकामा आठवडा नसता, तर पुढचे सगळे कोसळले असते.

सातव्या आठवड्यात माहितीचा अधिकार आणि २००५ चाच बदल्या व विलंब प्रतिबंधाचा कायदा घेतला. दोन्हींत मुदती आहेत आणि त्या एकमेकींत मिसळतात, म्हणून त्या वेगळ्या पानांवर लिहिल्या. एका पानावर माहिती तीस दिवसांत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. पहिले अपील तीस दिवसांत, दुसरे नव्वद दिवसांत. दुसऱ्या पानावर कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर निर्णय पंचेचाळीस दिवसांत, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. याच आठवड्यात कळले की त्याचे पुस्तक जुने आहे. वैयक्तिक माहितीबाबतच्या कलम ८(१)(जे) मध्ये २०२३ च्या कायद्याने केलेला बदल त्यात नव्हता. पुस्तक घेताना आवृत्तीचे वर्ष आधी बघा.

आठव्या आठवड्यात दाद मागण्याचा मार्ग : आधी खात्यातले अपील, मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आणि १९९७ च्या चंद्रकुमार निकालानंतर तिथून उच्च न्यायालय.

नवव्या आठवड्यात नवे वाचन बंद, फक्त घड्याळ लावून लिहायचे. मी त्याला एक प्रकरण तयार करून दिले. एका लिपिकाची नेमणूक जिल्हाधिकाऱ्यांनी केली. तो बावीस दिवस विनापरवानगी गैरहजर राहिला. ज्या अधिकाऱ्याने तक्रार केली, त्यालाच चौकशी अधिकारी नेमले. अहवालाची प्रत लिपिकाला दिली नाही. शेवटी उपविभागीय अधिकाऱ्याने बडतर्फीचा आदेश काढला. चुका दाखवा.

पहिल्या खेपेला त्याने दीड पान नैसर्गिक न्यायाचा इतिहास लिहिला. मी लाल पेनाने सगळे खोडले. दुसऱ्या खेपेला त्याने तीन परिच्छेद लिहिले. अनुच्छेद ३११(१) : नेमणूक करणाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याला बडतर्फ करता येत नाही, त्यामुळे आदेश इथेच कोसळतो. तक्रारदारच चौकशी अधिकारी : पक्षपात, म्हणून चौकशी दूषित. अहवालाची प्रत : १९९३ च्या करुणाकर निकालानुसार शिक्षा ठरवण्याआधी ती देणे आवश्यक.

उत्तर चांगले होते, पण पुरे नव्हते. मी विचारले, "प्रत दिली नाही, एवढ्यानेच आदेश रद्द होतो का?" तो "हो" म्हणाला. इथेच गुण जातात. त्याच निकालात न्यायालयाने सांगितले आहे की प्रत न मिळाल्याने कर्मचाऱ्याचे खरोखर नुकसान झाले का, हे पाहायचे. झाले असेल तर आदेश रद्द होतो, पण प्रत देण्याच्या टप्प्यापासून चौकशी पुढे चालवण्याची मुभा राहते. माणूस निर्दोष सुटला असे होत नाही. नियम सांगणारा पास होतो, नियमाची हद्द सांगणारा चांगला पास होतो.

दहाव्या आठवड्यात पुस्तकासह पेपराची तयारी केली. पुस्तकाच्या कडेला कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांवर फक्त नियमाचा क्रमांक लिहिला. मी तिथे बसून क्रमांक नव्हे, प्रसंग सांगायची : "कर्मचारी पोलीस कोठडीत अठ्ठेचाळीस तासांहून जास्त राहिला." त्याने नियम ४ उघडायचा, मानीव निलंबन. पहिल्या दिवशी एका प्रसंगाला दोन-तीन मिनिटे लागत होती, शेवटी अर्ध्या मिनिटाच्या आत आला.

या वेळी तो पास झाला, प्रशासकीय कायद्यात अकरा गुण जास्त घेऊन. परवा सकाळी पाहते तर ती वही कपाटात नव्हती. त्याच्याच कार्यालयातली एक मुलगी पुढच्या परीक्षेला बसते आहे, तिला दिली म्हणाला. "आपा, तिला सांगितलंय, पहिला आठवडा पुस्तक उघडायचं नाही."